ताप गाईला, गोचीड भिंतीत : भूम तालुक्यातल्या एका गोठ्याचं प्रकरण

गावाचं आणि मालकाचं नाव देत नाही, गावात सगळे त्यांना आबा म्हणतात तर इथंही आबाच म्हणू. धाराशिव जिल्ह्यातला भूम तालुका म्हणजे खव्याचा पट्टा, ज्याच्या दावणीला एचएफ, म्हणजे जास्त दूध देणारी संकरित गाय, नाही असं घर शोधावं लागतं, आणि आबांनीही बऱ्याच वर्षांनी मनावर घेऊन एप्रिलच्या शेवटी नगर जिल्ह्यातल्या बाजारातून ताजी व्यालेली दुसऱ्या वेताची एचएफ गाय आणली, सोबत तिची कालवड. दूध दिवसाला 14 लिटर. त्याआधी दावणीला होती देवणी बैलजोडी आणि एक म्हातारी देवणी गाय. म्हणजे एकूण पाच जनावरं. घर जुनं माळवदाचं, दगड-मातीच्या अडीच फूट जाड भिंती, आणि गोठा त्याच भिंतीला टेकवून वर पत्रे टाकलेला. हे घराचं वर्णन मुद्दाम देतोय कारण पुढं सगळं प्रकरण त्या भिंतीपाशीच येऊन थांबणार आहे.

मे महिना नीट गेला. मृगाचा पाऊस झाला, आर्द्रा लागल्या, आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यात गाईनं वैरण सोडली. दूध 14 वरून 9, मग 5. आबांना वाटलं तिवा असंल, कारण पावसाच्या तोंडाला तिवा येतोच आणि तीन दिवसांत उतरतो. गावातल्या एकानं तापाचं आणि अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं, ताप तेवढ्यापुरता उतरायचा आणि संध्याकाळी परत. चौथ्या दिवशी मला फोन आला, "डॉक्टर, तीन दिस सुया मारल्या बगा, ताप काई हटंना, आता तर धापा टाकायलीय."

गेलो तर ताप 106 फॅरनहाइट. गाईचं नॉर्मल साधारण 101.5 च्या आसपास असतं, तर हा म्हणजे चांगलाच चढलेला. श्वास जोरात, नाकाडोळ्यांतून पाणी, रवंथ बंद. पण मी सगळ्यात आधी हात घातला तो खांद्याच्या पुढं, मानेच्या बुडाशी. तिथं कातडीखाली एक लसिकाग्रंथी असते, एरवी हाताला नीट लागतही नाही, या गाईची दोन्ही बाजूंची ग्रंथी मुठीएवढी सुजलेली होती. मागच्या मांडीच्या पुढच्या बाजूलाही तसंच. पापणी उलटी केली तर आतली त्वचा फिकट आणि तिच्यावर बारीक लाल ठिपके. तिव्यात ग्रंथी इतक्या सुजत नाहीत, तिथं जनावर लंगडतं, अंग आखडतं आणि बहुतेक वेळा तीन-चार दिवसांत आपोआप उठतं. लम्पीत ग्रंथी सुजतात पण अंगावर गाठी येतात. इथं गाठ एकही नव्हती. शेपटीच्या बुडाशी, कासेच्या वर आणि कानाच्या आत मात्र गोचीड होती, फार नाही, मोजून वीसेक असतील.

वीस गोचिडांनी काय होतंय असं आबांनी विचारलं, आणि प्रश्न बरोबरच होता कारण बैलांच्या वशिंडाखाली, पोटाखाली त्याच्या कितीतरी पट गोचीड होती आणि बैल मजेत वैरण खात उभे होते. हा रोग गोचिडाच्या संख्येवर नाही, त्या गोचिडानं आधी कुणाचं रक्त पिलंय त्यावर आहे. आणि कुणाला चावतंय त्यावर.

सुजलेल्या ग्रंथीत सुई घालून थोडा रस काढला, काचपट्टीवर पसरला, कानाच्या शिरेतून रक्ताचीही एक पट्टी केली आणि दोन्ही तपासणीला पाठवल्या. ग्रंथीच्या पट्टीत पांढऱ्या पेशींच्या आत निळसर ठिपक्यांचे पुंजके दिसले, ज्यांना कॉखचे निळे कण म्हणतात, आणि रक्तात तांबड्या पेशींच्या आत जंतू. म्हणजे थायलेरिया, आपल्याकडं ज्याला गोचीड ताप म्हणतात तो. हिमोग्लोबिन 6 च्या आत आलेलं. इथं एक सांगून ठेवतो, नुसत्या रक्ताच्या पट्टीवर विसंबू नये. सुरुवातीच्या दिवसांत जंतू ग्रंथीत असतात, रक्तात उशिरा येतात, त्यामुळं पहिल्या दोन-तीन दिवसांत रक्त काढून "काही नाही" असा रिपोर्ट आला म्हणून गाय सुटली असं होत नाही. आणि उलटंही खरं आहे, धडधाकट देवणी बैलाच्या रक्तात दोन-चार जंतू सापडले म्हणजे त्याला आज ताप आहे असं नाही. रिपोर्ट जनावराशेजारी ठेवूनच वाचायचा.

आता हा जंतू त्या गाईत आला कुठून. आपल्याकडं थायलेरिया पसरवणारी मुख्य गोचीड म्हणजे हायलोमा. तिचा जन्म चार टप्प्यांचा : अंडी, त्यातून सहा पायांचं बारीक पिल्लू, ते रक्त पिऊन कात टाकतं की आठ पायांचं मधलं पिल्लू, ते परत रक्त पिऊन कात टाकतं की मोठी गोचीड. दर वेळी रक्त पिऊन झालं की ती जनावरावरून खाली पडते, सरपटत एखाद्या फटीत शिरते आणि कात तिथंच टाकते. अंडीही फटीतच घालते, एक मादी हजारोंनी, आणि घालून मरते. म्हणजे तिचं बहुतेक आयुष्य गाईवर जातच नाही, भिंतीत जातं. जनावरावर ती फक्त जेवायला येते, तेही दर टप्प्याला जेमतेम आठवडाभर.

थायलेरियाचा जंतू मादीकडून अंड्यात उतरत नाही. हे नीट लक्षात घ्या कारण सगळी गोम इथंच आहे. अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू कोरं असतं. ते पहिल्यांदा किंवा दुसऱ्यांदा एखाद्या अशा जनावराचं रक्त पितं ज्याच्या रक्तात जंतू आधीपासून आहेत, मग फटीत जाऊन कात टाकतं, आणि पुढच्या टप्प्यात दुसऱ्या जनावराला चावतं तेव्हा जंतू त्याच्यात सोडतं. तर आबांच्या गोठ्यात घडलं असं असणार : आधीच्या महिन्यांत पिल्लांनी बैलांचं आणि म्हाताऱ्या गाईचं रक्त पिलं, ती भिंतीत जाऊन मोठी झाली, उन्हाळाभर उपाशी दबा धरून बसली (उपाशीपोटी महिनोनमहिने काढू शकतात), आणि उष्णतेला दमटपणाची जोड मिळाल्यावर बाहेर येऊन जी पहिली मऊ कातडी दिसली तिला चिकटली. ती कातडी नव्या एचएफची. चावल्यापासून ताप यायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात, त्या हिशोबानं चावा जूनच्या सुरुवातीचा.

बैल आणि म्हातारी गाय आजारी का नाहीत? देवणी, लाल कंधारी ही जनावरं या जंतूसोबतच वाढलेली आहेत. वासरू असताना हलका ताप येऊन जातो, कधी कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि मग जंतू थोड्या प्रमाणात अंगात राहतो पण जनावराला त्रास देत नाही. ते वाहक बनतं. एचएफ आणि जर्सी क्रॉसला हा अनुभव नाही, त्यांच्यात हाच जंतू तुफान वाढतो. दुष्काळाच्या वर्षांत, 2013 ला आणि परत 2019 ला, बीड-धाराशिवकडं ज्या चारा छावण्या पडल्या तिथं गावोगावची देशी आणि संकरित जनावरं महिनोनमहिने दाटीनं एकाच ठिकाणी बांधलेली असायची, त्यात गोचिडाची किती देवाणघेवाण होत असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

उपचाराचं थोडक्यात सांगतो कारण ते डॉक्टरचं काम आहे, घरी करायचं नाही. यावर मुख्य औषध बुपारव्हाक्वोन, वजनाच्या दर किलोला अडीच मिलिग्रॅम, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या इंजेक्शनचं दर 20 किलोला 1 मिली, मानेच्या मांसात. या गाईचं वजन छातीच्या घेरावरून 380 किलोच्या आसपास धरलं, 19 मिली, ते एकाच जागी न देता दोन ठिकाणी विभागून. दोन दिवसांनी ताप 103 च्या खाली आला नव्हता म्हणून एक डोस परत. सोबत लोह, लिव्हरचं टॉनिक, आणि सावलीत पूर्ण आराम, कारण रक्त इतकं कमी असताना जनावराला चालवलं तरी दम लागून ते कोसळू शकतं. औषधाच्या लेबलवर दूध किती दिवस वापरायचं नाही ते छापलेलं असतं, तेवढे दिवस दूध डेअरीला घालायचं नाही आणि घरीही वापरायचं नाही. औषध जितकं लवकर तितकं बरं. ग्रंथी सुजली आणि ताप चढला त्या दिवशी दिलं तर बहुतेक गाई उठतात, डोळे पिवळे पडून गाय आडवी झाल्यावर दिलं तर पैसेही जातात आणि गायही. आबांची गाय मधल्या टप्प्यात होती, वाचली. दूध हळूहळू 9 लिटरवर आलं, 14 त्या वेतात परत दिसलं नाही.

कालवड वाचली नाही. तिला ताप गाईच्या मागोमाग आला, पण सगळ्यांचं लक्ष गाईकडं, आणि तिच्या ग्रंथी कानाखाली सुजल्या होत्या त्या कुणाला दिसल्या नाहीत. औषध दिलं तेव्हा ती उभीच राहत नव्हती. गोठ्यात एका जनावराला गोचीड ताप निघाला की त्याच दिवशी दावणीच्या सगळ्या संकरित जनावरांचा, वासरांसकट, सकाळ-संध्याकाळ ताप मोजायला सुरुवात करायची, दोन आठवडे तरी. शंभर-दीडशे रुपयांचा थर्मामीटर पुरतो. ताप 103 च्या वर दिसला की ग्रंथी चाचपायच्या.

इथून पुढं या प्रकरणातला जास्त महत्त्वाचा भाग, कारण आबा गोचिडाकडं दुर्लक्ष करणारे नव्हते. उलट ते दर आठ दिवसांनी औषध लावत होते. मग गोचीड राहिली कशी?

मी म्हणलं दाखवा कसं लावता. त्यांनी बाटली आणली, डेल्टामेथ्रिन, सव्वा टक्क्याचं, चांगलं औषध. बादलीत 10 लिटर पाणी घेतलं आणि बाटलीचं एक झाकण त्यात ओतलं. झाकण 5 मिलीचं. गोचिडासाठी प्रमाण आहे एका लिटरला 2 मिली, म्हणजे 10 लिटरला 20 मिली, म्हणजे आबा चौथा हिस्साच वापरत होते. "जास्त टाकलं तर गाईला बाधंल म्हणून" असं त्यांचं म्हणणं, आणि भीती समजण्यासारखी आहे, पण कमी प्रमाणाचं औषध हे सगळ्यात वाईट औषध. त्यात कच्च्या गोचिडी मरतात आणि ज्यांच्यात आधीच थोडी सहनशक्ती आहे त्या तेवढ्या वाचून पुढची पिढी घालतात, दर आठ दिवसांनी हेच केलं तर दोन-तीन हंगामांत गोठ्यात फक्त त्याच उरतात. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटाला, म्हणजे डेल्टामेथ्रिन आणि सायपरमेथ्रिनला, दाद न देणाऱ्या गोचिडी देशात अनेक ठिकाणी सापडल्यात त्या अशाच तयार झाल्या.

दुसरी गोष्ट, ते कापडाचा बोळा भिजवून पाठीवरून फिरवत होते. गोचीड पाठीवर बसत नाही. ती बसते कानात, पोळीखाली, पुढच्या पायांच्या काखेत, कासेवर, शेपटीखाली. बादलीतल्या अर्ध्या लिटर पाण्यात एक गाय उरकायची आणि उरलेलं ओतून द्यायचं. एका मोठ्या जनावराला अंग नीट भिजायला 3 ते 4 लिटर मिश्रण लागतं, केस मुळापर्यंत ओले व्हायला पाहिजेत.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. औषध फक्त एचएफला लागत होतं. बैलांना नाही, कारण "त्यांला काई होत न्हाई". आणि भिंतीला तर कधीच नाही. म्हणजे जिथून जंतू येतोय ते जनावर मोकळं, जिथं गोचीड मोठी होतीये ती जागा मोकळी, आणि जिला ती शेवटी चावते फक्त तिच्यावर आठवड्याला पाव डोस. मी आबांना बॅटरी घ्यायला लावली आणि रात्री आठच्या सुमाराला गव्हाणीमागच्या भिंतीवर उजेड टाकला. दगडांच्या सांध्यात जिथं माती निघून गेली होती तिथं काडी घातली तर कात टाकलेल्या रिकाम्या कवचांचा अक्षरशः भुसा बाहेर आला, आणि त्यात जिवंत, पायांवर पांढरे पट्टे असलेल्या, काडीवरून पटापट चढणाऱ्या गोचिडी. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "आन् मी गाईला धूत बसलो."

तर आम्ही काय केलं ते क्रमानं सांगतो. आधी भिंत. गव्हाणीमागचा आणि खांबांच्या बुडाचा भाग, जमिनीपासून साधारण छातीएवढ्या उंचीपर्यंत, कोरून सैल माती काढली. ती माती गोठ्याबाहेर न टाकता पेटलेल्या काड्यांवर टाकून जाळली, नाहीतर गोचिडी चालत परत येतात. मग जनावरं बाहेर बांधून दगडी भागावर फ्लेमगन फिरवली. फ्लेमगन मी सगळ्यांना सांगत नाही, माळवदाला लाकूड असतं, वर पळाट्या नाहीतर कडबा रचलेला असतो, ठिणगी पडली की गोठाच जाईल. जिथं लाकूड जवळ आहे तिथं उकळतं पाणी ओतलं. त्यानंतर सांधे सिमेंट-वाळूनं बुजवले, वरून चुना मारला. जमीन मातीची होती, तिथं वरचा थर खरडून काढून मुरूम टाकून धुमसली. भेगा भरणं हे सगळ्यात कष्टाचं पण टिकणारं काम, फवारणीचा परिणाम उतरतो, बुजवलेली भेग बुजलेलीच राहते.

जनावरांसाठी औषध बदलायचं का ते आधी तपासलं. एकदा डेल्टामेथ्रिन बरोबर प्रमाणात, पाचही नाही, राहिलेल्या चारही जनावरांना, नीट भिजवून मारलं आणि दोन दिवसांनी पाहिलं. बैलांच्या काखेत बऱ्याच गोचिडी तशाच जिवंत, फुगत होत्या. म्हणजे या गोचिडींवर हे औषध आधीपासूनच चालेनासं झालं असावं. खात्रीसाठी फुगलेल्या माद्या, एरंडीच्या बीएवढ्या झालेल्या, चिमट्यानं काढल्या, काही डेल्टामेथ्रिनच्या बरोबर प्रमाणाच्या पाण्यात दोन मिनिटं बुडवल्या, काही अमिट्राझ या दुसऱ्या गटातल्या औषधाच्या, काही साध्या पाण्यात, टिपकागदावर कोरड्या केल्या आणि जाळीचं झाकण लावलेल्या वेगवेगळ्या डब्यांत सावलीत ठेवल्या. दोन आठवड्यांत साध्या पाण्याच्या डब्यात अंड्यांचे ढीग, डेल्टामेथ्रिनच्या डब्यातही जवळपास तितकेच, अमिट्राझच्या डब्यात नावाला. प्रयोगशाळेत हीच चाचणी मोजमाप करून करतात, आमची होती घरगुती, तिच्यावरून टक्केवारी काढता येत नाही पण औषध चाललंय की नाही हे कळतं. डबे नंतर उकळत्या पाण्यात टाकायचे, नाहीतर आपणच गोचीड पाळल्यासारखं.

मग साडेबारा टक्क्याचं अमिट्राझ, लिटरला 2 मिली. वेळ सकाळची, ऊन चढायच्या आत. आधी जनावरांना पोटभर पाणी पाजलं, कारण तहानलेलं जनावर अंग चाटतं आणि औषध पोटात जातं. तोंड, डोळे, कास वाचवून फवारा, कानात आणि कासेवर हातमोजा घालून भिजलेल्या फडक्यानं. दूध काढायच्या आधी कास धुवायची. अंगावर उघडी जखम असेल तर तेवढा भाग सोडायचा. आणि पंप वेगळा. हे ठळक सांगतो, आपल्याकडं घरात पाठीवरचा एकच पंप असतो, त्यानंच सोयाबीनला तणनाशक मारलेलं असतं, त्यातच गाईचं औषध. त्याहून वाईट म्हणजे कपाशीवरचं कीटकनाशक उरलंय म्हणून तेच गोचिडाला वापरायचं. त्यानं गोचीड मरते, कधी कधी गायही मरते, लाळ गाळत, थरथरत, तासाभरात. जनावराच्या औषधाच्या बाटलीवर जनावराचं चित्र किंवा नाव असतं, ते नसेल तर ती बाटली गोठ्यात आणायचीच नाही. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन काही जण सोपं म्हणून मागतात, पण दुभत्या गाईत ते दुधात उतरतं, म्हणून इथं वापरलं नाही.

फवारणीचं औषध फटीतल्या अंड्यांवर भरवशानं चालत नाही. म्हणून फवारणी एकदा करून भागत नाही. पावसाळ्यात पंधरा-पंधरा दिवसांनी, सप्टेंबर संपेपर्यंत, सगळ्या जनावरांना एकाच दिवशी, आणि त्याच दिवशी भिंतीच्या उरलेल्या फटींनाही लेबलवर गोठ्यासाठी दिलेल्या प्रमाणात. एकाला आज, दुसऱ्याला परवा असं केलं तर गोचिडी फवारलेल्यावरून उतरून न फवारलेल्यावर जातात. रोज संध्याकाळी धार काढताना कान, काखा, शेपूट चाचपायची सवय आबांच्या सूनबाईंनी लावून घेतली, आणि खरं सांगू का, तिचा वाटा औषधाहून कमी नाही. थायलेरियाचा जंतू गोचिडाच्या लाळेत लगेच तयार नसतो, चिकटून रक्त प्यायला लागल्यावर दोन-तीन दिवसांनी तो सोडण्यालायक होतो. पहिल्या दोन दिवसांत निघाली तर ती जंतूवाली असली तरी बहुतेकदा ताप होत नाही. काढताना चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची आणि साबणाच्या पाण्यात किंवा रॉकेलच्या डबीत टाकायची. नखानं ठेचायची नाही. हीच हायलोमा जातीची गोचीड माणसांत क्रायमियन-काँगो रक्तस्रावी ताप पसरवते, 2011 ला गुजरातमध्ये तो निघाला तेव्हा माणसं गेली, त्यात रुग्णांवर उपचार करणारेही होते. गाईला त्या विषाणूनं काही होत नाही, त्यामुळं गाय ठणठणीत आहे म्हणून गोचीड हातानं फोडायची असं करू नका.

कडुनिंब, करंज तेल, तंबाखूचं पाणी याबद्दल हमखास विचारतात. निंब-करंजाचं तेल लावल्यावर काही दिवस नवी गोचीड कमी चढते हे खरं, लावायला हरकत नाही, पण भिंतीतल्या साठ्यावर त्याचा काही इलाज चालत नाही. तंबाखूच्या पाण्यापासून लांब राहा, निकोटीन कातडीतून शोषलं जातं. देशी कोंबड्या मात्र गोठ्यात जरूर सोडा, खाली पडलेल्या गोचिडी त्या वेचून खातात, फक्त फवारणीच्या दिवशी त्यांना कोंडून ठेवायचं.

एक गोंधळ इथंच सोडवतो, कारण शेजारच्या पाटलांनी आबांचं बघून भिंत लिंपली आणि त्यांच्या गाईला तरी लाल लघवी झाली, मग म्हणाले भिंतीचं काही खरं नसतं. लाल लघवी म्हणजे बहुतेकदा बबेसिया, तो वेगळा जंतू आणि पसरवणारी गोचीडही वेगळी, बूफिलस. ती लहान, आखूड पायांची, फुगली की राखाडी-निळसर दिसते, हातावर ठेवली तर फार पळत नाही. ती अंड्यातून निघून एकदा गाईवर चढली की तिन्ही टप्पे त्याच गाईवर काढते, साधारण तीन आठवडे, आणि फक्त अंडी घालायला खाली उतरते. शिवाय तिच्यात जंतू मादीकडून अंड्यात जातो, म्हणजे पिल्लू जन्मतःच भरलेलं. तिथं भिंतीपेक्षा गाईवरची फवारणी जास्त कामाची, दर तीन आठवड्यांच्या आत, आणि चराईच्या गायरानातून ती परत चढते हेही धरून चालायचं. औषधही वेगळं लागतं, बुपारव्हाक्वोन बबेसियावर चालत नाही. पाटलांच्या गोठ्यात दोन्ही गोचिडी होत्या. आपल्याकडं बहुतेक गोठ्यांत दोन्ही असतात, म्हणून फवारणी आणि भिंत दोन्ही, यातलं एक निवडायचं नाही.

पोळ्यापर्यंत आबांच्या गोठ्यात गोचीड संपली नाही, कमी झाली. बैलांवर हात फिरवला की दोन-चार लागायच्या, आधी मुठीनं लागायच्या. मधे एकदा अचानक वाढल्या, शोधलं तर गल्लीतल्या शेळ्या दुपारी सावलीला याच गोठ्यात येऊन बसत होत्या आणि हायलोमा शेळीवरही तितकीच मजेत वाढते. शेळ्यांचा रस्ता बंद केला. पूर्ण शून्याच्या मागं मी लागत नाही. देशी वासरांना लहानपणी थोडा संपर्क येऊन जी ताकद तयार होते तिचाही विचार करावा लागतो, आणि गावात बाकीचे गोठे तसेच असताना एका गोठ्याला शून्य परवडतही नाही.

गोचीड तापाची लस आहे, संकरित जनावरांसाठी, कमजोर केलेल्या जिवंत जंतूची. गाभण जनावराला देत नाहीत. ती बाजारातून नवं जनावर आणलं की, गाभण नसताना आणि पावसाळ्याच्या पुरेशी आधी, डॉक्टरला विचारून द्यायची. आबांच्या गाईला आता लसीचा उपयोग नाही कारण रोग होऊन गेलेली गाय स्वतःच वाहक झालीय, बैलांसारखीच. हे आबांना पटायला वेळ लागला. बरी झालेली गाय आता पुढच्या वासरासाठी जंतूचा साठा आहे, म्हणून ती व्याली की वासरू तिच्या शेजारी त्याच भिंतीला न बांधता ओट्यावर, सिमेंटच्या कोब्यावर बांधायचं ठरलंय, दूध पाजायला तेवढं आणायचं. व्यायच्या ताणात जुना थायलेरिया परत उसळू शकतो, त्यामुळं व्यायच्या आधीच्या महिन्यात आणि नंतरच्या पंधरवड्यात गाईचा ताप रोज मोजायचा, आणि 103 च्या वर गेला की तिव्याची वाट न बघता त्याच दिवशी ग्रंथीची पट्टी काढायची. गाय सध्या पाच महिन्यांची गाभण आहे, भिंतीचा मागचा राहिलेला भाग आबा दिवाळीनंतर लिंपणार आहेत.